काढून टाकलेल्या आवाजात

प्रश्न: जुनी टेप साफ करताना कुणा साउंड इंजिनिअरला असा एखादा पुसट आवाज ऐकू आलाय का, ज्याचा पत्ताच लागत नाही? छोटीशी गोष्ट असली तरी सांगा.

उत्तर:

मिरजेचे एक निवृत्त शिक्षक बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक स्पूल घेऊन पुण्याला माझ्याकडे आले होते. त्यांचे वडील हौशी गाणारे. घरच्या बैठकीत त्यांनी म्हटलेले तुकोबांचे अभंग त्या टेपवर होते. वडिलांच्या पुण्यतिथीला ते सगळ्यांना ऐकवायचे होते. "खरखर तेवढी काढा, बाकी काही नको," एवढंच सरांचं मागणं.

स्पूल उजेडासमोर धरला तर कडेने उजेड आरपार दिसत होता आणि डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला होता. म्हणजे टेप अ‍ॅसिटेटची. चिकट झालेल्या काही पॉलिस्टर टेपा मंद उष्णतेत भाजून घेतात, पण अ‍ॅसिटेटला तो उपाय कधीच करायचा नाही, ती ठिसूळ होऊन हातात येते. मी टेप अगदी सावकाश गुंडाळून घेतली आणि तीन जुने जोड सुटले होते ते नव्याने चिकटवले. मुद्रण सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर वेगाचं होतं, टेपच्या वरच्या अर्ध्या भागात. खालचा अर्धा, म्हणजे दुसरी बाजू, कोरी. तासाभराचा मजकूर मी कोणतीही सफाई न करता जसाच्या तसा संगणकात उतरवला. ही मूळ प्रत मी कधी हात न लावता बाजूला ठेवतो. त्या दिवशी ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

टेपची सळसळ काढायची रीत अशी. जिथे कुणी गात नाही, वाजवत नाही अशी मोकळी जागा निवडायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, हा नुसता गोंगाट आहे, याची ओळख करून घे. मग सगळ्या ध्वनिमुद्रणातून त्या ओळखीचं जे जे सापडेल ते सॉफ्टवेअर कमी करतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या अभंगाच्या मध्ये सहा सेकंदांची शांतता होती, ती मी निवडली. निकाल छान आला. वडिलांचा आवाज मोकळा झाला, पेटीचा भाता सुद्धा कळायला लागला.

पण एक तपासणी मी कधी चुकवत नाही. जे ठेवलं ते ऐकण्याआधी जे काढलं ते ऐकायचं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते, ऑडॅसिटीत त्याला `Residue` म्हणतात. काढलेल्या कचऱ्यात गाणाऱ्याच्या शब्दांची टोकं, टाळांची किणकिण ऐकू आली तर समजायचं की सफाई जास्त झाली. मी हेडफोन लावला. पावसासारखी सळसळ होती, आणि त्या सळसळीत एक बाई बोलत होती.

गात नव्हती, बोलत होती. शब्द कळत नव्हते, पण लय बोलण्याची होती: थांबून, पुन्हा सुरू करून, कुणाला तरी काही सांगितल्यासारखी. बैठकीत तर एकही बाई नव्हती. मी निवडलेल्या त्या सहा सेकंदांत ती होती, म्हणून सॉफ्टवेअरने तिलाही गोंगाटात धरलं होतं आणि तासभराच्या टेपमधून ती पुसून काढली होती. मला अंगावर काटा आला तो भुताच्या भीतीने नाही. मी एका माणसाला स्वतःच्या हाताने खोडत होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

मूळ प्रतीकडे परत गेलो. पहिली शंका अर्थात छापाची. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकं उमटतं आणि पुढचा आवाज आधीच, किंवा मागचा नंतर, पुसट ऐकू येतो. यात फसायला होत नाही, कारण अंतर मोजता येतं. त्या ठिकाणी गुंडाळीचा व्यास साधारण पावणेतेरा सेंटीमीटर होता, म्हणजे एक वेढा ४० सेंटीमीटरचा. साडेनऊच्या वेगाने तो जायला ४.२ सेकंद लागतात. छाप असता तर सव्वाचार सेकंद पुढे किंवा मागे तेच शब्द मोठ्याने सापडले असते. तिथे पुरुषाचं गाणं होतं.

दुसऱ्या बाजूचा आवाज झिरपला असता तर तो उलटा आला असता, शिवाय ती बाजू कोरी होती. तरीही फाइल उलटी करून ऐकली. बोलणं आणखीच बिघडलं, म्हणजे ते मुळात सुलटंच होतं. कधीकधी सैल तारेतून रेडिओ केंद्रही यंत्रात शिरतं, पण मग टेप न लावताही तो आवाज यायला हवा होता आणि पुन्हा वाजवताना त्याच जागी तेच शब्द यायला नको होते. ते येत होते. म्हणजे आवाज टेपवरच होता.

उरली एक शक्यता: बैठकीच्या वेळी शेजारच्या खोलीत कुणी बोलत असेल. सर म्हणालेही, "आई असेल." मला वाटतं, त्यांना तसं वाटून घ्यायचं होतं. पण त्या सहा सेकंदांच्या मध्यावर एक 'टक्' असा आवाज होता. तिथे वडिलांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं होतं. आधी आणि नंतर खोलीचा नाद वेगळा, पेटीचा स्वरही जरा हललेला, म्हणजे मध्ये बराच वेळ गेला असणार. बाईचं बोलणं मात्र त्या 'टक्'वरून एक अक्षरही न तुटता पलीकडे गेलं. यंत्र बंद झालं तेव्हा जे मुद्रण तुटलं, त्यात ती नव्हतीच. ती त्याच्याखाली होती.

मग आवाजाचा आलेख काढला. त्यात विजेच्या घूं आवाजाच्या एकाऐवजी दोन रेघा दिसल्या, एक ५० हर्ट्झवर आणि तिच्या खाली अगदी खेटून दुसरी, फारच फिकी. दोन वेगळी यंत्रं, वेगात किंचित फरक असलेली. कोडं तिथे सुटलं. ही टेप आधी दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर भरली गेली होती. वडिलांच्या यंत्राचे हेड केसभर खाली बसवलेले असणार. खोडणारा हेड आणि भरणारा हेड, दोघांच्याही तावडीतून टेपच्या वरच्या कडेची एक पट्टी सुटली होती. ती पाव मिलिमीटरही नसेल. माझ्या यंत्राचा हेड मात्र थेट कडेपर्यंत पोचत होता, म्हणून अभंगाबरोबर त्या पट्टीवरचं जुनं बोलणंही तो वाचत होता.

याची खात्री करणं सोपं होतं. मी दुसऱ्या यंत्रावर फक्त एक मिलिमीटर रुंदीचा माग वाचणारा हेड लावला आणि खाली पातळ पत्रे घालून तो हळूहळू वर सरकवला, इतका की त्याचा बहुतेक भाग टेपच्या बाहेर गेला. एका जागी पेटी जवळजवळ गेली आणि बाई समोर आली. डग्गा तेवढा गेला नाही. खालच्या सुरांचं चुंबकत्व कडेपलीकडेही पसरतं, त्यामुळे हेड हलवून ते टळत नाही. २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं तेव्हा तोही दबला. सळसळ मात्र प्रचंड, कारण पट्टीच एवढीशी. यापुढे कुठलंही यंत्र, कुठलंही सॉफ्टवेअर काही देणार नव्हतं.

आता शब्द. इथे कानावर विश्वास ठेवू नये, हे मी त्या टेपवर शिकलो. सळसळीतून कान आपल्याला हवे ते शब्द बनवून देतो. मला एका ठिकाणी स्पष्ट ऐकू आलं: "पाऊस थांबवा, काय?" दोन दिवस मी त्याचा अर्थ लावत बसलो. शेवटी तीन जणांना वेगवेगळं बसवलं, काहीही न सांगता, आणि ऐकलं ते कागदावर लिहायला सांगितलं. तिघांत किमान दोघांचं जे जुळेल तेवढंच धरायचं. त्यातली एक मुलगी कुडाळची. तिने हेडफोन लावला, अर्ध्या मिनिटात मान वर केली आणि म्हणाली, "दादा, ही आमच्याकडची. 'पाऊस थांबाक नाय' म्हणते."

पुन्हा ऐकलं, तर दुसरं काही ऐकूच येईना. "माका" दोनदा आलं. "पत्र" एकदा, आणि एका मुलाला मारावी तशी हाक, पण नाव सळसळीत बुडालेलं. अकरा मिनिटांच्या बोलण्यातले जेमतेम चाळीस शब्द हाती लागले. बहुधा पत्राऐवजी टेप भरून कुणाला तरी पाठवली असावी, पण हा माझा अंदाज, टेपवर तसं काही नाही.

सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, कोरी टेप परवडत नसे म्हणून वडील मुंबईहून वापरलेल्या टेपा आणत. कुणाकडून, ते सांगणारं आता घरात कुणी नाही. कोकणात त्यांचं नातंगोतंही नाही. "म्हणजे आमच्या बाबांनी तिचं पुसलं," ते म्हणाले. मी म्हटलं, त्यांना ठाऊकही नसेल, आधीचं वाजवून बघण्याची तेव्हा कुणाला गरज वाटत नसे. त्यावर ते काही बोलले नाहीत.

तीन फाइली तयार केल्या: मूळ, साफ केलेले अभंग, आणि कडेच्या पट्टीवरची ती अकरा मिनिटं. घ्यायला आले तेव्हा सरांनी आधी तिसरी ऐकली. मग विचारलं, अभंगांमधल्या मोकळ्या जागा साफ केल्यात का? मी हो म्हटलं. "तेवढ्या राहू द्या," ते म्हणाले.

पुण्यतिथीच्या फाइलमध्ये त्या जागा मी मूळ प्रतीवरून परत आणून बसवल्या. अभंगांसाठी गोंगाटाचा नमुना टेपच्या शेवटच्या टोकावरून नव्याने घेतला, जिथे तिचं बोलणं संपलेलं होतं. त्या नमुन्यात ती नव्हती, तरी गाण्याखालचा तिचा पुसट आवाज सळसळीबरोबर थोडा दबलाच. तो पूर्ण सोडवून ठेवता येत नाही.

कार्यक्रमाला मी मिरजेला गेलो होतो. दुसरा अभंग संपला, लोक आपसात बोलायला लागले. सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, तिसरा सुरू होईपर्यंत.