उंची खुंटली म्हणून स्टेरॉइडची गोळी कमी करावी का?

"मॅडम, गोळ्या सुरू झाल्यापासून पोराचं तोंड गोल झालं, पोट सुटलं, पण उंची काही वाढेना. वर्गातली पोरं त्याच्या पुढे गेली. मीच गोळी थोडी थोडी कमी करत आणली तर चालेल का?"

नाही चालणार. मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नव्हे. पण घरच्या घरी ती कमी केली की काय होतं, ते मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

ही आई डिचोलीकडची. मुलगा साडेसहा वर्षांचा, नेफ्रॉटिक सिंड्रोम. म्हणजे मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिनं गळतात आणि अंगावर सूज येते. त्यांच्या घरी दर चवथीला दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीची रेघ मारतात. आजाराआधीच्या वर्षात तो १०४ वरून १०९.५ सेंटीमीटरवर गेला होता. आजारानंतरच्या वर्षात फक्त ११२.५. वजन मात्र सूज नसतानाही १६ वरून २० किलो. या वयात वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढ अपेक्षित असते. चारच्या खाली गेली की डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तेव्हा आईची शंका रास्तच होती. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीवर थेट परिणाम करतं आणि वाढीच्या संप्रेरकाचं कामही मंदावतं. रोज आणि जास्त मात्रेत घेतलं तर अधिक, एक दिवसाआड सकाळी घेतलं तर बरंच कमी.

गोळ्यांची पाकिटं मोजली तेव्हा कळलं, बाई आधीपासूनच अर्धी गोळी देत होत्या. डॉक्टरांनी एक दिवसाआड १० मिलिग्रॅम लिहिलं होतं. सहा आठवड्यांत ते २१० मिलिग्रॅम होतात. त्या अर्ध्या गोळ्यांच्या काळातच आजार उलटला. मग वीस किलोला रोज ४० मिलिग्रॅम, लघवीतून प्रथिनं जाणं थांबेपर्यंत. त्याला दोन आठवडे लागले. पुढे चार आठवडे एक दिवसाआड ३० मिलिग्रॅम. सगळं मिळून ९८० मिलिग्रॅम! मी हा हिशेब त्यांच्याच वहीत मांडून दाखवला. उंची खातं ते मुख्यतः हे उलटण्यानंतरचं रोजचं स्टेरॉइड. आणखी एक धोका असतो. महिनोन्‌महिने गोळी घेतली की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावतं. गोळी अचानक सोडली तर उलट्या, ग्लानी, रक्तदाब घसरणं इथवर जाऊ शकतं.

मग करायचं काय? वहीत लघवीचा रकाना जवळजवळ कोरा होता. डोळे सुजले की तेवढ्यापुरती तपासणी. मी रोज सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिनं दाखवणारी पट्टी बुडवून रंग वहीत लिहायला सांगितलं. सलग तीन दिवस तीन प्लस आलं की सूज येण्याची वाट न पाहता फोन करायचा. सुजेच्या आधी सापडलं तर पोर निदान पाणी भरून दवाखान्यात दाखल होण्यापासून वाचतं. भुकेचंही बोललो. स्टेरॉइडने भूक खवळते. हे पोर पोदेराचे चार-चार पाव मागायचं. पावाऐवजी उसळ, अंडं, ताजा मासा, आणि सूज असेपर्यंत खारं सुकं मासळं नि लोणचं बंद.

खरा फरक मात्र डॉक्टरांच्या खोलीत पडला. वर्षात तीनदा उलटलेला आजार आणि ती ३ सेंटीमीटरची वाढ समोर ठेवल्यावर त्यांनी लेव्हामिझोल जोडलं. हे औषध आजार उलटणं कमी करतं, त्यामुळे प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवता येतं. यात पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक अंतराने रक्त तपासावं लागतं. याने भागलं नाही तर मायकोफेनोलेटसारखे पुढचे पर्याय आहेत. उंचीचे आकडे घेऊन न गेलेल्या आईवडिलांच्या वाट्याला ही चर्चा बरेचदा उशिरा येते, असं माझं मत.

मध्येच त्यांनी विचारलं, जावेच्या मुलीला दमा आहे, तिच्या पंपातही स्टेरॉइडच ना? असतं, पण मात्रा फारच थोडी. वर्षानुवर्षं रोज घेतलं तरी मोठेपणीच्या उंचीत सरासरी एखाद्या सेंटीमीटरचा फरक पडतो. पंप बंद केला आणि दम्याचे झटके वाढले, तर तोंडावाटे स्टेरॉइडचे कोर्स मागे लागतात आणि ते जास्त महाग पडतात. स्पेसर लावा, नंतर चूळ भरा, आणि दमा आटोक्यात आला की मात्रा कमी होईल का ते डॉक्टरांना विचारा.

पुढच्या चवथीची रेघ ११८ वर आली, साडेपाच सेंटीमीटर. स्टेरॉइड उतरल्यावर असं होतं, विशेषतः वयात येण्यापूर्वी. त्या वयात मात्रा जास्त राहिली तर मागे पडलेलं सगळं भरून निघेलच असं नाही. म्हणून दर तीन ते सहा महिन्यांनी अनवाणी, टाचा भिंतीला लावून उंची मोजायची आणि तो कागद प्रत्येक खेपेला सोबत न्यायचा, असं ठरलं आहे.