पिच स्पर्धेचे आवाहन: मजकुरात काय लिहावे?

आमच्या उद्योजकता क्लबची पिच स्पर्धा आहे. इन्स्टाग्रामवरील मजकुराची सुरुवात कशी करावी? (विश्रामबाग, सांगली)

इन्स्टाग्रामवर मजकुराची पहिली सुमारे सव्वाशे अक्षरेच दिसतात आणि उरलेला भाग दाबल्यावर उघडतो, त्यामुळे ‘तुमच्यातील उद्योजकाला जागे करा’ अशा वाक्याने ती मोक्याची जागा वाया जाते. तिथे कृती, बक्षीस आणि मुदत यावी. उदाहरणार्थ: ‘पाच मिनिटांत व्यवसायाची कल्पना मांडा. पहिले बक्षीस रोख २५,००० रुपये. नोंदणी १६ जानेवारीपर्यंत.’ मजकुरात टाकलेला दुवा तिथे दाबता येत नाही; म्हणून तो प्रोफाइलमध्ये ठेवून तसे लिहावे.

‘सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली’ असे लिहिले होते. तरी पात्रतेबद्दल फोन थांबत नाहीत. (मिरज)

‘सर्व’ म्हणजे तुमच्या कॉलेजचे की जिल्ह्यातील कोणत्याही, हे त्यातून कळत नाही. समजा, हळद पावडर विकणाऱ्या तिघांच्या संघात दोघे तुमचे विद्यार्थी आहेत, तिसरा तासगावच्या कॉलेजात शिकून गेल्या वर्षी पदवीधर झाला आहे आणि त्यांची विक्रीही सुरू झाली आहे. हा संघ पात्र आहे का? याचे उत्तर परीक्षकांसमोर नव्हे, नोंदणीपूर्वी ठरलेले असावे. मजकुरात असे लिहिता येईल: ‘संघात दोन ते चार सदस्य. प्रत्येकाकडे चालू शैक्षणिक वर्षाचे ओळखपत्र आवश्यक. कॉलेज कोणतेही चालेल. विक्री सुरू असलेले व्यवसायही पात्र.’ या नियमाने पदवीधर मित्र बाहेर राहतो आणि उरलेले दोघे भाग घेऊ शकतात. शेवटचे वाक्य मात्र विचारपूर्वक ठेवावे, कारण कागदावरची कल्पना आणि चालता धंदा एकाच गटात तोलणे परीक्षकांना अवघड जाते. शक्य असल्यास दोन गट करावेत.

रोख ४०,००० रुपये आणि ६०,००० रुपयांचे मार्गदर्शन मिळून ‘एक लाखाची बक्षिसे’ लिहिले तर चालेल का? (सांगली)

माझ्या मते नाही. वाचणारा ‘एक लाख’ म्हणजे रोकड समजतो आणि बक्षीस समारंभात नाराजी होते. ‘रोख २५,०००, १०,००० आणि ५,००० रुपये, शिवाय विजेत्या संघाला तीन महिने मार्गदर्शन’ असे वेगळे लिहावे. मार्गदर्शनाची किंमत आयोजकांनीच ठरवलेली असते, म्हणून ती न छापणेच बरे. प्रायोजकाने लेखी होकार दिला नसेल, तर त्याची रक्कमही धरू नये.

मुदत ‘शुक्रवारी रात्री १२ पर्यंत’ लिहिली. काहींनी शनिवारी अर्ज भरले. (कुपवाड)

रात्रीचे बारा हे शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, असा घोळ होतोच. ‘शुक्रवार, १६ जानेवारी, रात्री ११:५९’ असे लिहून ऑनलाइन अर्जही त्याच वेळी बंद करावा. मुदत वाढवलीच, तर जुन्या पोस्टचा मजकूर बदलून वर ‘मुदतवाढ’ लिहावे आणि पोस्टरवरही नवी तारीख टाकावी, कारण जुने पोस्टर व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतच राहते.