रसवंतीतला बर्फ आणि घरी नेलेला रस

प्रश्न: रस्त्यावरच्या रसवंतीत बर्फ कुठून येतो? उसाचा किंवा फळांचा रस बाटलीत भरून घरी नेला तर किती वेळ चालतो?

आमची रसवंती वडिलांच्या काळापासून आर्णी-दिग्रस भागातल्या रस्त्यावर आहे. आधी बैलाचा लाकडी चरक होता, आता मोटारीवरचा लोखंडी आहे. त्यामुळे यावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

उसाचा रस टिकत नाही. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर अर्ध्या तासाच्या आत प्यावा. ताबडतोब फ्रिजमध्ये गेला तर त्याच दिवशी संपवावा, दुसऱ्या दिवशीवर ठेवू नये. पण ज्याची भीती बाळगायला पाहिजे ती गोष्ट रस नाही, बर्फ आहे. लोक नेमकं उलटं करतात. रसाचा रंग जरा काळपट दिसला की ग्लास परत करतात आणि त्याच ग्लासात तरंगणाऱ्या बर्फाकडे बघतही नाहीत.

बर्फ येतो तालुक्याच्या गावातल्या बर्फाच्या कारखान्यातून. तिथे जस्ताचा मुलामा दिलेले लांब लोखंडी साचे असतात. त्यात पाणी भरून ते मिठाच्या पाण्याच्या हौदात सोडतात. अमोनियाच्या यंत्रानं तो हौद शून्याच्या बराच खाली नेलेला असतो. साधारण दिवसभरात लादी जमते. मग साचा जरा कोमट पाण्यात बुडवला की लादी सुटून बाहेर येते. पाणी बहुतेक ठिकाणी बोअरचं. लादी बाहेरून आत गोठत जाते, म्हणून पाण्यातले क्षार आणि हवा मध्यभागी ढकलली जातात. लादीच्या पोटात तो पांढरा धुरकट पट्टा दिसतो तो त्याचाच. त्या पट्ट्यावरून बर्फ चांगला की वाईट हे ठरत नाही. पाणी चांगलं होतं की नाही, हे डोळ्यांना दिसणारच नाही. आणि गोठल्यानं सगळे जंतू मरत नाहीत. बरेचसे आत झोपून राहतात आणि ग्लासात बर्फ वितळला की पोटात जातात. कावीळ करणारा विषाणू तर थंडीला अजिबात दाद देत नाही.

पुढचा प्रवास कारखान्याहून वाईट. तीच लादी मासेवाल्यालाही जाते, मयताच्या घरीही जाते, लग्नातही जाते. आकड्यानं फरशीवरून ओढतात, लाकडाच्या भुशात दाबतात, बारदान्यात गुंडाळतात आणि ऑटोत टाकतात. आमच्या शेजारच्या फाट्यावर मी स्वतः बघतो. लादी रस्त्याच्या कडेला उतरते, तिथंच टोच्यानं फोडतात, आणि भुसा काढायला तुकडे एका बादलीत बुचकळतात. सकाळी भरलेलं ते पाणी संध्याकाळपर्यंत तेच असतं. वर भुशाची साय येते. त्यातच हात, त्यातच बर्फ, आणि तोच हात नोटा घ्यायला.

२०१८ पासून महाराष्ट्रात असा नियम आहे की जो बर्फ खाण्यासाठी नाही तो निळसर रंगाचा करायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला एका नजरेत कळावं. नियम चांगला आहे. पण बर्फ पांढरा दिसला म्हणून तो खायचाच आहे असं समजू नका. निळा दिसला तर उठून चालू लागा, एवढाच त्याचा उपयोग.

आता मी हे एवढं का लिहून राहिलो ते सांगतो. आमच्या मोठ्या भाऊजींनी एका लग्नाच्या मांडवात, चाळीस पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, "पोरीला कावीळ झाली ती ह्यांच्या रसानं. रस नासला होता यांचा." पोरगी म्हणजे माझी भाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आली, आल्या दिवशी दुकानात बसून रस प्यायली, तीन-चार दिवसांत तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. तालुक्याला नेलं, रक्त तपासलं, हिपॅटायटीस ए निघाला. लेकरू महिन्याभरात बरं झालं, पण तो डाग आमच्या रसवंतीवर बसला. त्या उन्हाळ्यात गावातले लोकही आमच्याकडे यायला कचरले.

मी भाऊजींना तेव्हाही सांगितलं आणि आताही तेच सांगतो. हिपॅटायटीस ए पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला कमीत कमी दोन आठवडे लागतात, बहुधा महिना, कधी सात आठवडेसुद्धा. चार दिवसांत तो कोणालाच होत नाही. म्हणजे जे काही पोटात गेलं ते ती आमच्याकडे यायच्या खूप आधी गेलं होतं. महिनाभरापूर्वी ती त्यांच्याच गावच्या लग्नात होती. तिथे मठ्ठ्याच्या गंजात लादी फोडून टाकली होती, हे माझ्या बहिणीनंच सांगितलं. तिथूनच आली असं मी छातीठोक म्हणत नाही, विहिरीचं पाणीही असू शकतं. पण आमच्या रसानं ती झालेली नाही, हे मात्र छातीठोक.

दुसरं असं की नासलेल्या रसानं कावीळ होत नाही. नासलेला रस पोट बिघडवेल, उलटी करवेल, आणि तेही काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत. कावीळ होते ती दूषित पाण्यातल्या विषाणूनं, आणि त्या पाण्यानं रसाची चव, वास, रंग यातलं काहीच बदलत नाही. रस अगदी ताजा, गोड, हिरवट असतो आणि त्यात बर्फातून ते गेलेलं असतं. नासलेला रस स्वतः ओरडून सांगतो, बर्फ काहीच सांगत नाही. भाऊजी याला "तुमचे पुस्तकी हिशोब" म्हणतात.

रस कसा नासतो तेही नीट समजून घ्या. काढल्यावर थोड्याच वेळात तो काळपट होतो, ते नासणं नाही. कापलेलं वांगं काळं पडतं तसंच ते आहे, हवेमुळे होतं. लिंबू पिळलं की रंग उशिरा बदलतो. पण लिंबानं रस टिकतो असं नाही, फक्त चांगला दिसतो. खरं नासणं पुढे आहे. उसाच्या रसात साखर भरपूर आणि आंबटपणा जवळजवळ नाही, त्यात आपल्याकडची ४५ अंशांची दुपार. ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू उसाच्या कापलेल्या तोंडातूनच आलेले असतात. ते साखर खाऊन रस बुळबुळीत करतात, साखर कारखान्यांनाही हीच डोकेदुखी असते. सोबत यीस्ट लागतं, मग फेस येतो आणि आंबूस वास. दोन-तीन तास बाहेर राहिलेल्या बाटलीचं बूच उघडताना फुस्स आवाज आला, किंवा ओतताना तार धरली, की सरळ फेकून द्या. गच्च भरून बूच आवळू नका, वायूनं बाटली फुगते.

ऊस जुना असला तर हे आणखी लवकर होतं. आपल्याकडे ऊस सगळीकडे होत नाही. आमचा पैनगंगेकडून, उमरखेड-महागाव भागातून येतो. मे महिन्यात तोडून तीन-चार दिवस उन्हात पडलेल्या उसाची साखर कमी होते आणि आंबायला तो आधीच सुरू झालेला असतो. चरकात घालायच्या आधी कापलेल्या तोंडाचा वास घ्या. आतला गर लालसर आणि आंबूस असेल तर तो ऊस नको म्हणून सांगा. रसवंतीवाला रागावला तर रागावू द्या. आणि दुपारी तासभर बंद असलेला चरक सुरू होतो तेव्हा पहिला रस घेऊ नका, लाटांवर आणि पत्र्यावर जुना रस आंबलेला असतो. आम्ही तो सांडून देतो, मग गरम पाणी मारतो.

बर्फाशिवाय रस थंड कसा, हे मला सगळे विचारतात. हिशोब सोपा आहे. २०० मिलिलिटर रस ३५ अंशांवरून १० अंशांवर आणायला ५० ते ६० ग्रॅम बर्फ पुरतो. रसवंतीत ग्लास अर्धा बर्फानं भरलेला असतो, म्हणजे गारव्याला लागतो त्याच्या दुप्पट. उरलेला ग्लास भरायला असतो. माझ्याकडे एक डीप फ्रीझर आहे. त्यात उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाटल्या गोठवतो आणि त्या रसाच्या स्टीलच्या गंजाबाहेर, टोपल्यात लावतो. रसाला बर्फ शिवतच नाही. ग्लासात पाणी मिसळत नाही म्हणून चव घट्ट लागते. त्रास एवढाच की लाईन गेली की बाटल्या वितळतात, आणि लोकांना ग्लासात बर्फ खळखळला नाही तर फसवल्यासारखं वाटतं. भाऊजी म्हणतात, "बर्फ नसलेला रस म्हणजे गूळपाणी." त्यांनी तेच प्यावं.

घरी न्यायचा असेल तर स्टीलची बाटली सोबत न्या, समोर ऊस गाळून घ्या, बर्फ टाकू देऊ नका. घरी गेल्या गेल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि तुमच्या हाताचा, उकळलेल्या पाण्याचा बर्फ टाका. वाटेत अर्ध्या तासाहून जास्त लागणार असेल तर नेऊच नका.

फळांचं वेगळं आहे. संत्रा आणि मोसंबी आंबट असल्यामुळे त्यांचा रस जरा जास्त तग धरतो, पण काही वेळानं कडवट होतो, म्हणून तोही लगेच प्यावा. टरबूज मात्र उसासारखंच, आंबटपणा नाही. आधीच चिरून माशांखाली ठेवलेल्या फोडींचा रस मी कोणालाही पिऊ देणार नाही. बर्फाचं मात्र सगळ्यांना सारखंच. संत्र्याच्या आंबटपणानं कावीळचा विषाणू मरत नाही, आणि बर्फ लादीचा असेल तर रस कशाचा आहे याला काही अर्थ नाही.

मोठ्या शहरांत पिशवीत बंद, मधे भोक असलेले नळीसारखे बर्फाचे तुकडे मिळतात. ते गाळलेल्या पाण्याचे असले तर चालतात, आपल्याकडे तालुक्याच्या पुढे क्वचितच पोहोचतात. आणि एक राहिलं. घरात बाई गरोदर असेल तर बाहेरचा बर्फ कुठल्याच रूपात नको, ना रसात, ना मठ्ठ्यात, ना गोळ्यात. पाण्यातून होणारी हिपॅटायटीस ई ही कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. अशा बाईला रस प्यावासा वाटला तर ऊस घरी आणून सोलून चावायला द्या, तुकडे आधी चांगल्या पाण्यानं धुऊन.