बँकेचं व्हॅल्युएशन सौद्यापेक्षा कमी आलं तर

प्रश्न: राजारामपुरीतला फ्लॅट ६२ लाखांना ठरलाय, बँकेच्या व्हॅल्युअरनं ५४ लाखच धरले. फेरतपासणी मागता येते का?

येते, पण अर्ज शाखेत लेखी द्या; व्हॅल्युअरला थेट फोन केलात तर तो दबाव वाटतो (मी हेच काम करतो, म्हणून सांगतो). आधी अहवाल मागून त्यात तुलनेला कुठले व्यवहार घेतलेत ते बघा. घोळ बहुतेकदा तिथंच असतो: लिफ्ट नसलेली जुनी इमारत धरलेली असते, नाहीतर एकाचा दर कार्पेटवर आणि दुसऱ्याचा बिल्टअपवर काढलेला असतो. मग त्याच भागातल्या, तुमच्यासारख्याच फ्लॅटच्या वर्षभरातल्या दोन-तीन खरेदीखतांची सूची क्रमांक दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून काढून जोडा. जाहिरातीतले भाव जोडू नका, ते मागितलेले असतात, मिळालेले नव्हे.

मेख एकच. त्या दस्तांत किंमत कमी दाखवलेली असेल तर हाच कागद तुमच्यावर उलटतो. आकडा हलला नाही, तर ८० टक्क्यांनी कर्ज ४९ लाख ६० हजारांऐवजी ४३ लाख २० हजारच बसेल. मधले ६ लाख ४० हजार तुम्हालाच घालावे लागतील, तेव्हा निकाल येईपर्यंत इसार वाढवू नका.