जॉबवर्कवाल्यांना सॉफ्टवेअर विकू नका, मालाचा मेळ लावून द्या

> «भोसरीतल्या छोट्या मशीन शॉपना हिशोबाची सेवा द्यायचा विचार आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, नोंदी वहीत. सॉफ्टवेअर द्यावं की एंट्री करून द्यावी?»

एंट्रीच करून द्या, पण पैशांची नंतर. आधी मालाची. जीएसटी रिटर्न भरणारा प्रत्येकाकडे असतो. पार्टीच्या मालाचा मेळ लावून देणारा कोणी नसतो. आमचं शॉप असताना सगळ्यात जास्त पैसे तिथेच गेले.

एका पार्टीकडून 500 कास्टिंग आली. 460 तयार करून पाठवली, 20 शॉपमध्ये बाकी. आणखी 20 रिजेक्ट झाली: 8 मध्ये टर्निंग करताना ब्लोहोल निघाले आणि 12 आमच्याकडून साइजबाहेर गेली. ही 20 त्याच टेंपोतून परत गेली, पण स्टोअरवाल्याने रिजेक्शनच्या चलनावर इनवर्ड शिक्का मारला नाही. "नंतर बघू," म्हणाला. त्यांच्या सिस्टीममध्ये आमच्या नावावर 40 नग राहिले. वर्षअखेरीला 20 नगांची डेबिट नोट आली, 350 रुपये नगाप्रमाणे 7,000. आमची मजुरी नगाला 22 रुपये, म्हणजे 460 नगांचे 10,120. स्टोअर म्हणे पर्चेसला विचारा, पर्चेस म्हणे स्टोअरला. आजही राग येतो. ब्लोहोल त्यांच्याच कास्टिंगमधले, आणि त्यांवरची आमची मजुरीही बुडाली!

म्हणून वहीला हात लावू नका. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक चलनाचा फोटो एकाच नंबरवर मागवा. गेलेल्याचा फोटो पार्टीच्या गेटवर शिक्का पडल्यानंतरचाच. त्याच संध्याकाळी शीटमध्ये चढवा: आवक, तयार, मटेरियल रिजेक्शन, मशिनिंग रिजेक्शन, शिल्लक. दोन्ही रिजेक्शन एकाच रकान्यात टाकलीत तर भांडणात काही सिद्ध करता येत नाही. नोंद ड्रॉइंग नंबरने, रिव्हिजनसह. पार्टी ज्याला 'छोटा फ्लँज' म्हणते तसे तीन असतात.

दर शनिवारी शिल्लकपत्रक पार्टीच्या स्टोअर आणि पर्चेस दोघांनाही मेल करा: "फरक असल्यास कळवा." महिन्यातून एकदा स्वतः जाऊन नग मोजा. कागदावर 40 आणि रॅकवर 20 असतील, तर ते आठवड्याभरातच कळायला हवं. तेव्हा चलन सापडतं, टेंपोवाल्यालाही आठवत असतं. वर्षअखेरीला दोन्ही नाही.

याचा उपयोग पार्टीलाही आहे. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच तो विकला असं जीएसटी कायदा धरतो आणि कर पार्टीवर बसतो. (मी सीए नाही, मुदतवाढ वगैरे त्यांनाच विचारा.) शेठला सेवा समजावताना हे जरूर सांगा, कारण पार्टीचा पर्चेसवाला शनिवारच्या मेलला उत्तर देतो तो बहुधा याच भीतीने.

पैसे महिन्याचे ठरावीक घ्या, चलनामागे नको. चलनामागे घेतलेत की शेठ छोट्या रिजेक्शनचे फोटो पाठवणं बंद करतो.