गिव्हअवेत डुप्लिकेट नोंदी आणि विजेत्याची निवड

गूगल फॉर्मवर गिव्हअवे घेतोय. एकाच माणसाच्या दोन नोंदी कशा पकडू? निकालावर लोकांचा विश्वास कसा बसेल?

+91 किंवा मधल्या स्पेसमुळे एकच मोबाइल नंबर वेगळा दिसतो. म्हणून नंबर C रकान्यात असतील तर D2 मध्ये शेवटचे दहा अंक काढा:

```
=RIGHT(REGEXREPLACE(C2&"","\D",""),10)
```

E2 मध्ये `=COUNTIF(D$2:D2,D2)` टाकून दोन्ही सूत्रं खाली ओढा. 1 पेक्षा मोठा आकडा आला की ती नोंद डुप्लिकेट. दोन सिम वापरणारा मात्र यातून सुटतो.

विजेत्यासाठी `RAND` नको. शीटमध्ये काहीही बदललं की त्याचा आकडाही बदलतो, मग पडताळणार कशी? मुदत संपताच क्रमांकित यादी जाहीर करा, नंबरांचे फक्त शेवटचे चार अंक दाखवून. पुढच्या कोणत्या दिवसाचा निफ्टीचा बंद भाव धरणार, तेही तेव्हाच सांगा. समजा भाव 24312.65 आणि नोंदी 412. भावातलं टिंब काढून नोंदींच्या संख्येने भागा आणि बाकीत 1 मिळवा: `=MOD(2431265,412)+1`, म्हणजे 54 वा क्रमांक. हा हिशोब कुणीही घरी करून बघू शकतो.