ऑर्डर बुकचा स्क्रीनशॉट कसा वाचायचा? मार्केट ऑर्डर एलटीपीपेक्षा महाग का पडली?

प्रश्न: पुण्यात शिकतोय, महिन्यापूर्वी डीमॅट उघडलं. स्क्रीनशॉटमध्ये एकूण बिड ६१,२४० आणि एकूण ऑफर २२,८१५ दिसतायत. खरेदीदार जास्त आहेत म्हणून ५०० शेअर्स मार्केट ऑर्डरने घेतले. एलटीपी १८४.६० होता, मला सरासरी १८४.९६ ने मिळाले. ब्रोकरने मध्ये काही खाल्लं का? हा तक्ता वाचायचा कसा?

उत्तर:

नाही, ब्रोकरने काही खाल्लेलं नाही. तुमचा १८४.९६ हा आकडा तुम्ही पाठवलेल्या चित्रातूनच काढता येतो. मी लक्ष्मी रोडवरच्या एका सब-ब्रोकरकडे नऊ वर्षं डीलर होतो. दिवसभर समोर हाच तक्ता असायचा आणि हाच प्रश्न घेऊन दर आठवड्याला कोणीतरी यायचं. म्हणून तुमचाच स्क्रीनशॉट पुढे ठेवून सांगतो.

```
बिड (घेणारे)              ऑफर (विकणारे)
भाव    ऑर्डर  नग           भाव    ऑर्डर  नग
१८४.१०   २    १२०         १८४.६०   १     ३५
१८४.०५   १     ५०         १८४.९५   २    ११०
१८४.००  १४  २,३१०         १८५.००   ६    ४२०
१८३.९०   १    २००         १८५.४०   १     ७५
१८३.७५   ३    ३४०         १८५.५०   ४    ६००
```

डावीकडे घ्यायला उभे असलेले लोक, सर्वात जास्त भाव देणारा वर. उजवीकडे विकायला उभे असलेले, सर्वात कमी भाव मागणारा वर. तुम्हाला लगेच घ्यायचं असेल तर उजवी बाजू वाचायची, लगेच विकायचं असेल तर डावी. एलटीपी म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाने झाला तो भाव. तो दुसऱ्या कोणाचा तरी सौदा होता, त्या भावाने तुम्हाला माल मिळेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

आता तुमची ऑर्डर. १८४.६० ला विकायला फक्त ३५ नग होते, ते तुम्हाला मिळाले: ६,४६१ रुपये. पुढचे ११० नग १८४.९५ ने: २०,३४४.५० रुपये. उरलेले ३५५ नग १८५.०० ने: ६५,६७५ रुपये. बेरीज ९२,४८०.५०, भागिले ५००, म्हणजे १८४.९६. मार्केट ऑर्डर म्हणजे 'भाव कोणताही चालेल, माल आत्ता हवा'. एक्स्चेंजने तेच केलं, पायरी पायरीने वर जात तुमचे ५०० पुरे केले.

त्यानंतर तक्त्यात काय झालं तेही बघा. वरच्या दोन पायऱ्या संपल्या, १८५.०० ला ४२० पैकी ६५ उरले आणि एलटीपी १८५.०० झाला. म्हणजे भाव ४० पैसे 'वाढला' तो तुमच्याच खरेदीने. आणि ॲपमध्ये नफा-तोटा एलटीपीवर मोजतात, म्हणून तुम्हाला त्या क्षणी साडेएकोणीस रुपये नफा दिसला असणार. पण तेव्हाच विकायला गेला असता तर डावी बाजू लागू झाली असती: १२० नग १८४.१० ने, ५० नग १८४.०५ ने, ३३० नग १८४.०० ने, मिळून ९२,०१४.५० रुपये. म्हणजे ४६६ रुपये तोटा, आणि त्यात ब्रोकरेज, एसटीटी वगैरे धरलेलंच नाही. स्क्रीनवरचा हिरवा आकडा आणि हातात येणारे पैसे यांत एवढं अंतर पडतं, म्हणून कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मी आधी दोन्ही बाजूंच्या वरच्या ओळींमधलं अंतर बघतो. तुमच्या शेअरमध्ये ते ५० पैसे आहे. निफ्टीतल्या मोठ्या शेअर्समध्ये ते बहुतेक वेळा एखाद-दोन टिकचंच, म्हणजे भावाच्या सर्वात लहान पायरीएवढंच असतं, आणि तिथे ५०० नगांना काही जाणवतही नाही.

तुमची खरी चूक मात्र एकूण बिड आणि एकूण ऑफर पाहून निर्णय घेण्यात झाली. ६१,२४० नग घ्यायला उभे आहेत हे खरं, पण कोणत्या भावाला? पाच ओळींतल्या बिड्सची बेरीज करा: ३,०२०. बाकी ५८ हजारांहून जास्त नग त्याच्या खाली आहेत. कोणी १८० ला, कोणी १७० ला, स्वस्तात मिळालं तर बघू म्हणून ऑर्डर लावून ठेवलेली असते. ते आज १८५ देणारे गिऱ्हाईक नाहीत. शिवाय ऑर्डर लावणं आणि काढून घेणं फुकट आहे, त्यामुळे हा आकडा क्षणात अर्धा होऊ शकतो. उलट भाव ठरावीक पातळीपर्यंत पडला तरच विकायचं असा स्टॉपलॉस लावून जो विक्रेता बसलाय, त्याचे नग ट्रिगर लागेपर्यंत तक्त्यात दिसतच नाहीत. मोठा विक्रेता ५,००० नगांपैकी ५००च उघड दाखवू शकतो, एनएसईवर किमान दहा टक्के दाखवले की पुरतं. एकाच भावाचे ५०० नग संपतात आणि त्याच भावाला लगेच पुन्हा ५०० येतात, असं दोन-तीनदा दिसलं तर मागे मोठा माल आहे असं समजायला हरकत नाही.

मधला 'ऑर्डर' रकाना नवीन माणूस सहसा बघतच नाही, आणि मला तोच सर्वात कामाचा वाटतो. १८४.०० ला २,३१० नग आहेत, पण ते १४ जणांचे, सरासरी १६५ नग. गोल आकड्यावर छोट्या लोकांची अशी गर्दी होतेच. हे १४ जण एका वेळी उठून जाणार नाहीत. तिथेच '१ ऑर्डर, २,३१० नग' असतं तर मी त्यावर विसंबलो नसतो. असे एकच मोठे बिड दाखवून इतरांना खरेदीला ओढायचं आणि ऐनवेळी काढून घ्यायचं, असे प्रकार होतात. सेबीने त्यावर कारवाईही केली आहे, पण तुमचा सौदा होऊन गेल्यावर त्याचा तुम्हाला उपयोग नाही. एकदा कोथरूडच्या एका काकांचे २,००० नग विकताना खालचं असंच मोठं बिड पाहून मी मार्केट ऑर्डर टाकली. ऑर्डर पोचेपर्यंत ते बिड गेलं होतं आणि माल तीन रुपये खाली विकला गेला. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून अशा शेअरमध्ये लिमिट ऑर्डरच टाका, म्हणजे 'या भावापेक्षा महाग घेणार नाही, किंवा स्वस्त विकणार नाही'. तुम्ही १८४.६० ची लिमिट टाकली असती तर ३५ नग मिळून बाकीचे ४६५ बिडमध्ये सर्वात वर उभे राहिले असते. कदाचित मिळाले असते, कदाचित भाव निघून गेला असता, ती जोखीम आहेच. रांगेचा नियम साधा आहे: आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेला. १८४.०० ला बिड लावलं तर तुमच्यापुढे २,३१० नग. जून २०२४ पासून एनएसईवर २५० रुपयांच्या आतल्या शेअरला एक पैशाची टिक आहे, त्यामुळे १८४.११ लावलं की तुम्ही सगळ्यांच्या पुढे.

विकतानाही तेच. घाई नसेल आणि तक्ता असाच असेल तर १८४.९९ ला विक्री लावा, म्हणजे १८५.०० वाल्यांच्या आधी तुमचा नंबर. घाई असेल तर १८४.०० ची लिमिट टाका. वरची बिड्स १८४.१० आणि १८४.०५ अशीच भरतील, आणि ती १४ जणांची ओळ मधेच विरळ झाली तरी तुमचा माल १८४ च्या खाली जाणार नाही. फक्त टाकण्याआधी तक्ता पुन्हा बघा, स्क्रीनशॉट तोवर जुना झालेला असतो.